रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, वृषणात दुष्काळ

प्रश्न: वय ३४, राहणार बोरिवली. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल अजून नाही, पुढच्या वर्षी विचार आहे. सतत थकवा असतो म्हणून ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये टेस्टोस्टेरॉन तपासलं, २८२ आलं. जिममधला ट्रेनर म्हणतो, आठवड्याला २५० चं एक इंजेक्शन घे, महिन्यात फरक दिसेल. पण याने अंडकोष लहान होतात, स्पर्म काउंट जातो, रक्त घट्ट होतं असंही ऐकलंय. यात खरं किती? थोडे दिवस घेतलं तर चालेल का?

उत्तर:

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मूल हवं असेल तर हे इंजेक्शन थोडे दिवससुद्धा घेऊ नका. दादरला मी वीस-बावीस वर्षं पुरुषांच्या वंध्यत्वाचे पेशंट बघतोय. तुम्ही घ्यायच्या आधी विचारलंत याचं फार बरं वाटलं, कारण माझ्याकडे बहुतेक जण घेऊन झाल्यावर येतात, आणि तेही बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करतो. बोलताना आपण सरसकट अंडकोष म्हणतो, पण ती बाहेरची पिशवी झाली. लहान होतात त्या आतल्या दोन गोळ्या, म्हणजे वृषण. वृषणाला काम दोनच: टेस्टोस्टेरॉन बनवणं आणि शुक्राणू बनवणं. या दोन्ही कामांचे हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतात. एलएच नावाचं हार्मोन टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं आणि एफएसएच नावाचं शुक्राणूंची निगा राखायला लावतं. मेंदू रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत मोजत असतो. कमी पडलं की हुकूम वाढवतो, जास्त झालं की कमी करतो. तुम्ही बाहेरून इंजेक्शन घेतलंत की मेंदूला दिसतं की माल भरपूर आहे. तो दोन्ही हुकूम बंद करतो. काही आठवड्यांत एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर येतात.

इथे विचार करणारे पेशंट एक चांगला प्रश्न विचारतात. डॉक्टर, शुक्राणू बनायला टेस्टोस्टेरॉनच लागतं ना? मग इंजेक्शनने ते वाढल्यावर शुक्राणू वाढायला हवेत, कमी कसे होतात? याचं उत्तर समजलं की सगळं समजलं. शुक्राणूंना लागणारं टेस्टोस्टेरॉन रक्तातून येत नाही, ते वृषणातच, अगदी शेजारच्या पेशींमध्ये बनतं. त्यांना लायडिग पेशी म्हणतात. त्यामुळे वृषणाच्या आत त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभर पट असतं. एलएच थांबलं की लायडिग पेशी थांबतात आणि आतला साठा कोसळतो. इंजेक्शनने रक्तातला आकडा ३०० वरून ९०० वर नेला तरी वृषणाच्या आतली गरज त्याने भागत नाही. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन झकास दिसतं आणि आत दुष्काळ असतो.

गोळ्या लहान होतात त्याही यामुळेच. वृषणाचा बहुतेक आकार हा शुक्राणू बनवणाऱ्या बारीक नळ्यांच्या वेटोळ्यांचा असतो. काम थांबलं की त्या नळ्या रिकाम्या होतात, बारीक होतात, आणि गोळी लहान व मऊ पडते. आकार जाणं आणि काउंट जाणं हे एकच घडणं आहे. एक हाताला कळतं, दुसरं लॅबमध्ये दिसतं.

तुमच्या ट्रेनरला बहुधा माहीत नसेल, पण टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हे पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं गेलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांत केलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम दिलं होतं. सहा महिन्यांच्या आत त्यातल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. तुम्हाला सुचवलेला डोस त्याहून जास्त आहे. (म्हणून कुणी याच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये. उरलेल्यांचे शुक्राणू पूर्ण संपले नव्हते.)

आता एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. डोंबिवलीचा तेहेतीस वर्षांचा तरुण, फोर्टमध्ये बँकेत नोकरी. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहत नव्हते. दोनदा वीर्यतपासणी झाली, दोन्हीत शुक्राणू शून्य. एका ठिकाणी त्यांना वृषणाची बायोप्सी करू, काही मिळालं नाही तर डोनर घेऊ असं सांगितलं होतं. नवरा-बायको दोघं जाडजूड फाइल घेऊन माझ्याकडे आले. बायकोचे डोळे रडून सुजलेले होते.

फाइल उघडली आणि तीन ओळींवर थांबलो. एफएसएच ०.२. एलएच ०.१ पेक्षा कमी. हिमोग्लोबिन १८.६. शुक्राणू शून्य असताना एफएसएचवरून बरंच कळतं. वृषणच निकामी असेल तर मेंदू ओरडत राहतो आणि एफएसएच चढलेलं असतं. वृषण ठीक असून वाट बंद असेल तर ते साधारण नॉर्मल असतं. ते तळाला गेलेलं असेल तर एक तर पिट्युटरीचा आजार असतो, नाहीतर बाहेरून हार्मोन येत असतं. पिट्युटरी बसलेल्या माणसाचं टेस्टोस्टेरॉनही बसतं आणि हिमोग्लोबिन सहसा खाली येतं. याचं १८.६ होतं. एवढं रक्त त्याच्या अंगात कुणीतरी बाहेरून बनवून घेत होतं.

मी विचारलं, काही औषधं चालू आहेत? "नाही डॉक्टर, फक्त प्रोटीन." तपासायला आत घेतलं. माझ्याकडे लहान-मोठ्या बारा मण्यांची एक माळ आहे. प्रत्येक मण्यावर आकार लिहिलेला असतो, १ मिलिलिटरपासून २५ पर्यंत. एका हाताने वृषण, दुसऱ्या हाताने मणी, असं जुळवत जायचं. प्रौढ पुरुषाचं साधारण १५ ते २५ च्या मण्यांशी जुळतं. याचं दोन्ही बाजूंना १० शी जुळलं, आणि हाताला पिकल्या द्राक्षासारखं मऊ लागलं. काही जन्मजात दोषांतही वृषण छोटे असतात, पण ते सुपारीसारखे टणक लागतात. दंडावर, खांद्यावर मुरुमं होती.

पत्नीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मग "घेतोस का" असं न विचारता विचारलं, "इंजेक्शन दंडात घेतोस की कमरेत?" तो क्षणभर थांबला. "कमरेत. दर रविवारी." आठवड्याला २५० मिलिग्रॅम, अकरा महिने. जिममध्येच कुणीतरी टोचत होतं. "ते औषध आहे असं मला वाटलंच नाही डॉक्टर. सगळे त्याला टीआरटी म्हणतात, कमी पडलेलं भरून काढतो म्हणतात." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं की मूल न होण्याचं कारण तो दर रविवारी स्वतःच्या पैशाने विकत घेत होता. आणि त्याच्या फाइलवर सही करणाऱ्या एकाही डॉक्टरने त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. बायोप्सी झाली असती तर रिपोर्टमध्ये शुक्राणू आढळत नाहीत एवढंच आलं असतं, आणि त्या जोडप्याने डोनर स्वीकारला असता. हे मनात आलं की अजून पोटात कालवतं.

आता घट्ट रक्ताचं. हा रस्ता वेगळा आहे, मेंदूच्या हुकुमाशी त्याचा संबंध नाही. टेस्टोस्टेरॉन मूत्रपिंडाला एरिथ्रोपोएटिन जास्त सोडायला लावतं, म्हणजे हाडांच्या मगजाला लाल पेशी वाढवण्याचा निरोप जातो. शिवाय ते यकृतातलं हेपसिडिन कमी करतं. हेपसिडिन हे लोहाच्या कोठाराचं कुलूप समजा. कुलूप सैल झालं की मगजाला हवं तेवढं लोह मिळतं. निरोपही आला आणि मालही मोकळा झाला, मग लाल पेशी वाढतच जातात. कातडीवर लावायच्या जेलपेक्षा तेलातल्या साप्ताहिक इंजेक्शनने हे जास्त होतं, कारण टोचल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातली पातळी खूप वर जाते.

हे मोजायला महागडी तपासणी लागत नाही. साध्या सीबीसीत हिमॅटोक्रिट नावाची ओळ असते, काही लॅब तिला पीसीव्ही म्हणतात. शंभर मिलिलिटर रक्तात लाल पेशींनी किती जागा व्यापली ते त्यात कळतं. पुरुषांत ते साधारण ४० ते ५० असतं. ५४ च्या वर गेलं की टेस्टोस्टेरॉन थांबवायचं, यावर जगभरचे तज्ज्ञ एकमत आहेत. या तरुणाचं ५६ होतं, रक्तदाब १५०/९६, कान आणि गाल तांबूस. संध्याकाळी लोकलमध्ये डोकं ठणकायचं, ते तो गर्दीमुळे समजत होता. बायको म्हणाली, अलीकडे घोरणंही वाढलंय. झोपेत श्वास अडकत असेल तर ऑक्सिजन कमी पडतो आणि हिमॅटोक्रिट आणखी चढतं. सिगारेटनेही चढतं. उन्हात घाम गाळून, पाणी न पिता रक्त दिलंत तर आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, म्हणून तो पुन्हा तपासून बघावा. पण त्यामुळे चढलेला आकडा पाणी प्यायल्यावर एक-दोन दिवसांत उतरतो. ५६ असा उतरत नाही.

जिममध्ये यावर एक इलाज सांगितला जातो: रक्तदान कर, मोकळं होईल. डॉक्टरच्या चिठ्ठीवर रक्तपेढीत एखादी बाटली काढून घेणं हा उपचार आहे, आम्हीही करतो. पण इंजेक्शन चालू ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी रक्त काढत राहिलं तर शरीरातलं लोह संपत जातं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला जातं, माणूस थकतो, आणि थकवा आला म्हणून डोस वाढवतो. नळ चालू ठेवून बादली उपसण्यासारखं आहे ते.

ट्रेनर मंडळी २०२३ चा एक मोठा अभ्यास मोबाइलवर दाखवतात. त्यात हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या, ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांहून जास्त पुरुषांपैकी निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं आणि हार्ट अटॅक वा पक्षाघात वाढले नाहीत. हे खरं आहे. पण त्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन तपासणीत खरंच कमी निघालेलं होतं, त्यांना जेल दिलं होतं, आणि हिमॅटोक्रिट ५४ च्या खाली राहील असा डोस सांभाळला होता. तरीही फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं आणि हृदयाचे ठोके अनियमित होणं हे त्यांच्यात काहीसं जास्त आढळलं. बिनातपासणीच्या २५० मिलिग्रॅमला हा अभ्यास लागू पडत नाही.

त्या तरुणाचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण "थोडे दिवस" याचा हिशोब त्यातून कळेल. इंजेक्शन त्याच दिवशी बंद. डोकेदुखी आणि रक्तदाब होता म्हणून एकदा ३५० मिलिलिटर रक्त काढलं. मग एचसीजीची इंजेक्शनं सुरू केली, २००० युनिट, एक दिवसाआड, कातडीखाली. एचसीजी हे एलएचची हुबेहूब नक्कल करतं, त्यामुळे लायडिग पेशी पुन्हा कामाला लागतात. सोबत क्लोमिफिनची २५ मिलिग्रॅमची गोळी दिली, पिट्युटरीला जागं करायला. हे डोस वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करू नये. दर काही आठवड्यांनी आकडे बघून ते बदलावे लागतात, आणि क्लोमिफिनने कुणाची नजर अंधुक होते, कुणाचं मन बिघडतं.

पहिले दोन महिने सगळ्यात कठीण होते. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन संपलेलं आणि घरचं अजून पुरतं सुरू न झालेलं. झोप नाही, चिडचिड, इच्छा नाही, जिममध्ये नेहमीचं वजन उचलेना. बहुतेक जण याच टप्प्यावर पुन्हा इंजेक्शनकडे वळतात. मी त्याला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं आणि बायकोलाही, म्हणून तो टिकला. हिमॅटोक्रिट सहा आठवड्यांत ५१ आणि चार महिन्यांत ४६ झालं. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, त्यामुळे जुन्या पेशी ओसरायला एवढा वेळ लागतोच.

शुक्राणूंना घाई चालत नाही. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, वर बाहेर पडायच्या वाटेवरचे काही दिवस. तिसऱ्या महिन्यात तपासणी केली, शून्य. तो ढासळला. पाचव्या महिन्यात एका मिलिलिटरमध्ये दीड मिलियन. आठव्यात ९. अकराव्यात २१. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषात खालची मर्यादा १६ आहे. तेराव्या महिन्यात बायकोची पाळी चुकली. वृषण मण्यांच्या माळेत १५ शी जुळायला लागले होते. म्हणजे अकरा महिन्यांच्या इंजेक्शनला जवळजवळ तेवढेच महिने परतफेडीचे लागले.

सगळ्यांचं असंच होईल का? गर्भनिरोधक म्हणून हार्मोन घेतलेल्या पुरुषांचे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये हिशोब मांडला गेला. काउंट २० मिलियनवर परत येण्याची शक्यता सहा महिन्यांत साधारण ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळे. पण ते पुरुष निरोगी होते, सुरुवातीचा काउंट चांगला असलेले होते, आणि डोस ठरलेला होता. वर्षानुवर्षं चार-चार स्टेरॉइड मिसळून घेणाऱ्यांना मी दोन वर्षांनंतरही अडकलेलं पाहिलंय. आणि ज्याचा काउंट मुळातच कमी होता, त्याचा परत येऊन येऊन तेवढाच येणार. तुमचा काउंट आज किती आहे हे तुम्हाला तरी माहीत आहे का?

आता तुमच्या २८२ कडे येऊ. कॅम्प ऑफिसात होता, म्हणजे रक्त बहुधा नाश्त्यानंतर, कदाचित दुपारी घेतलं असणार. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. तरुण वयात सकाळ-दुपारचा पाव भागाचा फरक सहज पडतो. पोटात साखर गेली तरी ते खाली येतं. आदल्या रात्री चार तास झोप झाली असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल, तरी खाली येतं. म्हणून एका आकड्यावर निदान करत नाहीत. सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, नीट झोप झाल्यावर, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्या. दोन्ही वेळा ३०० च्या खाली आलं तरच पुढचा विचार. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, साखर आणि सीबीसी करा. आणि दोन ते सात दिवस वीर्य बाहेर न जाऊ देता मग वीर्यतपासणी करा. पोट सुटलं असेल किंवा रात्री घोरत असाल तर तेही सांगा. बोरिवलीहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या आणि रात्री साडेअकराला जेवणाऱ्या माणसाचा थकवा पुष्कळदा तिथेच सापडतो.

सगळं करूनही टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी निघालं तर मूल हवं असणाऱ्याला आम्ही क्लोमिफिन किंवा एचसीजी देतो, कारण ही औषधं कारखाना चालू ठेवून पातळी वाढवतात. काही डॉक्टर टेस्टोस्टेरॉनसोबत एचसीजी देऊन वृषण जागे ठेवायचा प्रयत्न करतात. छोट्या अभ्यासांत त्याचा उपयोग दिसलाय, पण पुढच्या वर्षी मूल हवं असणाऱ्याने त्यावर पैज लावू नये. ज्याला टेस्टोस्टेरॉन आयुष्यभर घ्यावंच लागणार, त्याने सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवावं. मुलंबाळं झालेल्या, खरंच कमतरता असलेल्या माणसाला मी हे औषध स्वतः लिहून देतो आणि त्याचं बरं चाललेलं बघतो. त्यासाठी सुरुवातीचं हिमॅटोक्रिट नॉर्मल असावं लागतं, तीन आणि सहा महिन्यांनी सीबीसी करावं लागतं, पुढे दरवर्षी.

रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ छापलेली असते. ती ओळ बघा. दुपारची असेल तर २८२ बाजूला ठेवा, या रविवारी लवकर झोपा आणि सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्या.